ठोकळ्यांच्या फोटोत चेहरा राखाडी का पडतो? तुमचे अनुभव सांगा

आजीच्या फोटोला ठोकळ्यांचं रूप देतेय. ४८ × ४८ चौकटी, म्हणजे २३०४ ठोकळे, आणि मोजके अकरा रंग. मागची भिंत छान उतरली, पण गालावरच्या सावलीत राखाडी डाग पडले. तुम्ही चेहरे कसे सांभाळलेत?

*

माझाही पहिला चेहरा असाच गेला होता, तेव्हा एकच ठोकळा घेऊन गणित केलं. गालाचा रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने १५०, ११५, ९५ होता. माझ्या पॅलेटमध्ये त्याच्या आसपास राखाडी (१५०, १५०, १५०) आणि गडद तपकिरी (९५, ४९, ९) एवढेच. अंतर काढलं तर राखाडी ६५ वर आणि तपकिरी १२२ वर. प्रोग्रॅमने जवळचा रंग उचलला, त्याची चूक नव्हती. मी १७०, १२५, ८५ असा मधला तपकिरी घातला, त्याचं अंतर जेमतेम २४ भरलं आणि गाल जिवंत झाला.

*

अंतर लाल-हिरव्या-निळ्याच्या आकड्यांत, म्हणजे आरजीबीत मोजता म्हणून असं होतं. लॅब नावाच्या रंगमापन पद्धतीत मोजा, डोळ्याला दिसतं तसं जुळतं, राखाडी आपोआप जाईल.

*

लॅब चांगलंच, मीही तेच वापरतो. पण वरचेच आकडे लॅबमध्ये घालून पाहिले: राखाडी साधारण २२, तपकिरी ३१. फरक कमी झाला, तरी राखाडीच जिंकला. पॅलेटमध्ये रंगच नसेल तर मोजपट्टी बदलून तो येणार कुठून?

*

मी राखाडी सरळ काढून टाकला. त्वचा सुधारली, पण आजोबांचे केस तपकिरी झाले! शेवटी केस आणि चेहरा वेगळे कापून दोन पॅलेट लावली.

*

माझा त्रास वेगळा होता. कपाळभर ठिपके यायचे. आधी चौकोनी कापून घेतलेल्या फोटोवर मी इमेजमॅजिकची ही ओळ चालवते:

```
magick aaji.png -resize 48x48! -dither None -remap palette.png -scale 2000% out.png
```

`-dither None` लिहिलं नाही तर ठिपके आपोआप येतात, कारण डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवणं, मुळातच चालू असतं. आणि पॅलेट जेपीजीत ठेवू नका. तिथे कडांना नवे रंग तयार होतात आणि तेही ठोकळ्यांत उतरतात.

*

आभाळाला मात्र मी डिदरिंग ठेवतो. नाहीतर निळ्याचे जाड पट्टे पडतात.

*

मला आभाळातही ते ठिपके खुपतात. पट्टेच बरे.

*

मी घराचा फोटो घेऊन खरी खोली असलेले घन रचले. भिंत पुढे, झाड मागे. त्याची पद्धत कुणाला हवी का?

*

धागाकर्ती: ते वेगळंच काम दिसतंय, मला सपाट चित्रच हवंय. मधला तपकिरी घातला, गाल सुधारले. पण डावा डोळा दोन ठोकळ्यांत वाटला जाऊन फिकट झालाय.

*

मूळ फोटो अर्धी चौकट डावीकडे सरकवून पुन्हा कापा. बुबुळ एकाच ठोकळ्यात बसलं की सरासरीत उजळत नाही. उजवा डोळा तेव्हा बिघडला, तर तो ठोकळा हातानेच काळा करा. मी दर चेहऱ्यात असे दोन-तीन करतोच.