मदत हवी आहे: रशियन मॅन्युअलमधल्या सूचना

पाण्याच्या पंपाचं मॅन्युअल रशियनमध्ये लिहितेय. वाचणारे कारखान्यातले फिटर, म्हणून सगळ्या पायऱ्या आज्ञार्थाऐवजी धातुरूपात ठेवल्यात. वीज तोडा याला 'अत्क्ल्युचीत्ये' नाही, 'अत्क्ल्युचीत्'. घरगुती मिक्सर असता तर आज्ञार्थच घेतला असता.

मनाईचंही नक्की आहे, तिथे अपूर्ण क्रियापद. विजेच्या स्विचवर पाटी असते ना, 'नि व्क्ल्युचात्! रबोतायुत ल्यूदी' (चालू करू नये, माणसं काम करताहेत), तसंच झाकणासाठी 'नि स्निमात्'. इथे पूर्ण क्रियापदाचं 'नि स्न्यात्' लिहिलं तर 'काढताच येणार नाही' असा अर्थ निघतो, म्हणजे इशाराच गेला.

अडलंय ते चुकून घडणाऱ्या गोष्टींपाशी. मोटर उचलताना 'हातातून पडू देऊ नका' म्हणायचंय. बोलताना पूर्ण क्रियापदाचा आज्ञार्थ येतो, 'नि उरनीत्ये', पण धातुरूपांच्या रांगेत तो खटकतो. 'नि दपुस्कात् पद्येनिया' (पडणं होऊ देऊ नये) बसतं, पण असे सात-आठ इशारे लागोपाठ आले तर फिटरला जड जाईल का? रशियन तांत्रिक मजकूर रोज लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा, अशा जागी तुम्ही काय ठेवता?