विषय: अ‍ॅटिकमध्ये सापडलेलं वाद्य स्वरमंडल आहे का? (तातडीचं, फोटो जोडलेत)

मृणाल
मंडळी, नमस्कार. इन्सुलेशनवाले आले होते, त्यांना जुन्या मालकांच्या ट्रंकेमागे हे मिळालं. चपटी काळी पेटी, वर सोनेरी वेलबुट्टी, मधे गोल भोक. एक बाजू सरळ, दुसरी तिरकी. मान नाही, पडदे नाहीत. तारा ३१. वरच्या कडेला चौकोनी डोक्याच्या लोखंडी खुंट्या आहेत, हाताने फिरत नाहीत. शनिवारी पहाटेचा कार्यक्रम आणि शमाताईंचं स्वरमंडल अजून पुण्यातच, म्हणून घाईने विचारते. हे स्वरमंडलच ना? आणि चावी कोणाकडे आहे?

श्रीकांतकाका
मृणाल, स्वरमंडलच. किशोरीताई मांडीवर घेऊन बसायच्या तो हाच आकार. तिरकी बाजू पाहिली की शंकाच उरत नाही. माझ्याकडे मिरजेहून आणलेली चावी आहे, शुक्रवारी तालमीला आणतो आणि तासाभरात लावून देतो. शमा, काळजी सोड.

अनघा
काका, मला हा ऑटोहार्प वाटतो. मुलांच्या शाळेत होता, अगदी अशीच पेटी. अमेरिकेतल्या अ‍ॅटिकमध्ये स्वरमंडल कुठून येणार?

राजन
किती अपेक्षा आहे? आमच्या मुलीला वाद्याची आवड आहे, घ्यायला आवडेल.

मृणाल
राजनदादा, विकायचं नाहीये.

विद्याधर
मृणालताई, तिसरा फोटो मोठा करून पाहिला. आकारावरून ठरवू नका, कारण अशी तिरकी पेटी स्वरमंडलाची असते, ऑटोहार्पची असते आणि आणखी बऱ्याच वाद्यांची असते. तारा कशा मांडल्यात ते बघायचं.

स्वरमंडलात तारा सारख्या अंतरावर, एकीपेक्षा पुढची आखूड, अशा ओळीने जातात. तुमच्याकडे तसं फक्त उजवीकडे आहे, तिथे मी १५ तारा मोजल्या. डावीकडच्या १६ तारांचे चार-चारचे गट आहेत, दोन गटांमध्ये बोटभर मोकळी जागा आहे आणि प्रत्येक गटात एक जाड, गुंडाळी केलेली तार आणि तीन बारीक. रागाचे स्वर लावायच्या वाद्यात असे गट करायचं काही कारण नाही. एक गट म्हणजे एक कॉर्ड. उजव्या हाताने सूर वाजवायचा आणि डाव्या अंगठ्याने गटावरून झरकन फिरवून साथ द्यायची.

अनघाताई, ऑटोहार्पवर तारांच्या वर आडव्या पट्ट्या असतात, पट्टी दाबली की खालच्या फेल्टने नको त्या तारा बंद होतात. पट्ट्या कोणी काढून टाकल्या असत्या तर दोन्ही कडांना स्क्रूची भोकं राहिली असती. इथे वार्निश सलग आहे.

हे गिटार-झिदर असावं. नाव गिटारचं असलं तरी गिटारशी फारसा संबंध नाही. भोकातून टॉर्च मारून आत कागद चिकटवलाय का बघाल? आणि तारांखाली अक्षरं छापलीत का?

मृणाल
आहे कागद! अर्धा फाटलाय. 'मेन्झेनहॉवर' आणि 'जर्सी सिटी' वाचता येतं, खाली १८९४. तारांखाली पुसट सी, जी, एफ आणि एक अक्षर गेलेलं. म्हणजे १८९४ मध्ये बनलेलं, आणि तेही आपल्या शेजारच्या गावात?

विद्याधर
गाव बरोबर. साल मात्र तसं धरू नका, ते पेटंटचं साल आहे. फ्रेडरिक मेन्झेनहॉवर या जर्मन कारागिराने जर्सी सिटीत हे वाद्य काढलं, १८९४ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ऑस्कर श्मिट त्याच्या धंद्यात आला. नंतरच्या वाद्यांवरही तीच तारीख छापत राहिले. कागदावर श्मिटचंही नाव असेल तर वाद्य १८९४ नंतरचं. फेरीवाले एजंट ही वाद्यं दारोदार विकायचे, म्हणून ती इथल्या जुन्या घरांतून इतकी निघतात.

सुहास
आमच्याकडे आजोबांचा दिलरुबा आहे, गजाचे केस पार गेलेत. इथे कोणी घालून देतं का?

श्रीकांतकाका
विद्याधर, नाव काही असो, तारा आहेत आणि खुंट्या आहेत. उजवीकडच्या १५ तारा म्हणजे सी पासून सी पर्यंत दोन सप्तकं, पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या. एफ ला सा धरला की एकही तार न हलवता यमन मिळतो, म तीव्रच लागतो. मग शनिवारी का नाही वाजवायचं?

शमाताई
काका, माझी पट्टी काळी चार आहे. सफेद चारमध्ये मी अख्खी पहाट गाऊ शकत नाही. आणि साहित्यात काय घ्यायचं ते आधी मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं, कार्यक्रम मी बसवतेय.

श्रीकांतकाका
मग सगळ्या तारा दीड स्वर चढवू.

विद्याधर
काका, ते नको. जाडी आणि लांबी तीच ठेवून तार तीन अर्धस्वर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे ४० टक्के वाढतो. ३१ तारांचा तो वाढीव ओढा शंभर वर्षं जुन्या सरसाच्या सांध्यांवर येणार. आधी गंजलेल्या तारा तुटतील, त्या डोळ्यात जाऊ शकतात. आणि न तुटल्या तर सांधा उघडेल, ते जास्त वाईट.

यमनच हवा असेल तर उलट उतरवा. ए ची तार अर्धा स्वर खाली आणली की तीच काळी चार, तो शमाताईंचा सा. बी अर्धा स्वर खाली, तो रे. ई अर्धा खाली, तो प. सी, डी, एफ, जी आहेत तिथेच, ते झाले ग, तीव्र म, ध, नी. दोन सप्तकांत मिळून सहाच तारा हलतात आणि त्याही सैल होतात. डावीकडच्या गटांमध्ये फ्लॅनेलची पट्टी ओवून ठेवा, नाहीतर त्या उगाच गुणगुणतील.

हे सगळं तारा आत्ता मूळ सुरावर आहेत असं धरून. बहुतेक त्या दोन-तीन अर्धस्वर उतरलेल्या असतील. तशा असतील तर मूळ सुरावर आणणं हेसुद्धा ताणणंच आहे.

श्रीकांतकाका
सहा तारांचा हिशेब पटला. चावी तरी बसेल ना?

विद्याधर
बसवून बघा, पण फिरवू नका. टोपी खुंटीच्या डोक्यावर हलत असेल तर कडा झिजून डोकं गोल होतं, मग ती खुंटी कशानेच फिरत नाही. ऑटोहार्पची चावी सहसा बसते. पियानोवाल्याची मोठी पडते.

मृणालताई, त्याआधी एक करा. वाद्य टेबलावर ठेवून खोलीत अंधार करा आणि टॉर्च कडेने, आडवा धरा. भोकाभोवतीची फळी खोल गेली असेल तर सावली पडेल. मग खुंट्यांच्या ओळीतून चीर जातेय का ते बघा, आणि खालच्या टोकाला, तारा अडकवल्यात तिथे, पाठीची फळी सुटलीय का तेही. सांध्यात पोस्टकार्ड सरकलं तर कोणीच चावी लावू नये.

अनघा
आमच्या शाळेच्या संगीत शिक्षकांकडे ऑटोहार्पची चावी आहे, उद्या विचारते. पण शंभर वर्षांचं वाद्य हॉलमधल्या गर्दीत न्यावं असं मला वाटत नाही.

मृणाल
फळी सपाट आहे. पाठीच्या सांध्यात कार्ड जात नाही. पण डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्या गटाच्या दोन खुंट्यांच्या मधे, केसाएवढी रेघ आहे. वार्निशची भेग आहे की लाकडाची, कळत नाही. फोटो जोडलाय.

विद्याधर
फोटोवरून मलाही सांगता येत नाही. नखाने हलकेच आडवं ओढा. नख अडकलं तर लाकूड असण्याची शक्यता जास्त. गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बघतो, तोवर तारांना हात नको.

शमाताई
गुरुवारी मीही येते. तोपर्यंत कार्यक्रमपत्रिकेत तानपुरा आणि पेटी एवढंच छापू.