झोपेआधी तासभर फोन बंद : रिमाइंडरने खरंच काही होतं का?

विश्रामबागकर: घरात ११ ला झोपायचं ठरलंय. १० वाजता फोन सांगतो, 'आता ठेवा'. मी आणि दहावीतला मुलगा, दोघंही ते बोटाने सरकवतो आणि बघत बसतो. हे ठेवावं की काढून टाकावं?

कडेगावकर: काढून टाका. एकट्याला केलेली आठवण एकट्यानेच मोडता येते. आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या ऑगस्टमध्ये काय केलं? संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की ८:३० पर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. सगळ्या गावाचेच बंद म्हटल्यावर पोराला 'मीच का?' असं म्हणायला जागा राहत नाही. बापाच्या हातात रील चालू आणि पोराला रिमाइंडर, हे कधीच चालणार नाही.

मोबाईलवाला, सातारा: एवढं कशाला? मूळ दुखणं निळ्या प्रकाशाचं आहे. संध्याकाळपासून स्क्रीन पिवळी करा, मग झोपेपर्यंत बघितलं तरी बिघडत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते चालू करूनच देतो.

डॉक्टर ताई, मिरज: सातारकर, प्रकाशाचा परिणाम आहे, पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मंद उजेडाच्या खोलीत झोपेआधी चार तास पूर्ण उजेडाच्या स्क्रीनवर पुस्तक वाचायला दिलं होतं. कागदी पुस्तकाच्या मानाने झोप लागायला साधारण १० मिनिटं उशीर झाला. माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार १० मिनिटांची नसते. ११ ला झोपणार म्हणून फोन हातात घेतात आणि १२:३० ला ठेवतात. स्क्रीन पिवळी असली तरी रील संपत नाही, ती पुढची आणते.

विश्रामबागकर, रिमाइंडर काढू नका, त्याची वेळ बदला. १० ला तुम्ही व्हिडिओच्या मध्यावर असता, त्या क्षणी कुणीच फोन ठेवत नाही. तुमच्याकडे जेवणं साडेनऊला उरकत असतील, तर रिमाइंडर ९:३५ ला हवा. ताटं उचलायची असतात, हात खरकटे असतात, फोन आधीच बाजूला पडलेला असतो. तो तेव्हाच बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, तुमचा आणि मुलाचा एकाच बोर्डावर. रिंग मोठी ठेवा. सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर गजराच्या निमित्ताने फोन परत उशाशी येतो.

आणि एक तपासा. फोन ठेवल्यावर लगेच झोप लागते, पण सकाळी उठवत नाही? मग झोपेचे तास फोनने खाल्लेत, हा उपाय लागू पडेल. फोन लवकर ठेवूनही तास-तास कूस बदलत राहता? मग संध्याकाळचा चहा, दुपारची झोप, डोक्यातली काळजी बघा. आठवड्यातल्या तीन-चार रात्री असं होऊन तीन महिने झाले असतील तर डॉक्टरला दाखवा, रिमाइंडरच्या नादी लागू नका.

तासगाव बागायत: ताई, तुमचं शहरात ठीक आहे. आमच्या फीडरला एक आठवडा रात्रीची लाईट असते. थ्री फेज आली की मोटरच्या स्टार्टरमधल्या सिमवरून कॉल येतो. फोन बंद ठेवला तर बागेचं पाणी चुकतं, ऐन द्राक्षाच्या दिवसांत ते कसं परवडेल?

मोबाईलवाला, सातारा: दादा, फोन बंद करायचा नाहीच, Bedtime mode लावायचा. स्टार्टरचा नंबर नावाने सेव्ह करून त्याला स्टार द्या. Do Not Disturb मध्ये कॉलच्या यादीत Starred contacts निवडा. बाकी सगळं गप्प, तो एक नंबर वाजेल. घरच्यांसाठी Repeat callers चालू ठेवा, १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजतो. मात्र तुमचा स्टार्टर कॉलऐवजी मेसेज पाठवत असेल, तर मेसेजची परवानगी तिथेच वेगळी द्यावी लागते. पुष्कळ जण नेमकी तीच विसरतात आणि मोडवर खापर फोडतात.

तासगाव बागायत: माझा कॉलच करतो. पण कॉल आला की मोटर चालू करायला फोन हातात येतोच, आणि पुढचा अर्धा तास जातो. त्याला काय करायचं?

डॉक्टर ताई, मिरज: Bedtime mode मध्ये Grayscale चालू करून बघा. स्क्रीन काळी-पांढरी होते, रील बघण्यात मजा राहत नाही. काहींना उपयोग होतो, काही जण तशीच बघतात. तुमच्या बाबतीत मी खात्री देऊ शकत नाही.

कडेगावकर: म्हणजे शेवटी घरातल्या सगळ्यांनी एका बोर्डावर फोन लावायचे, हेच ना? मग मी वेगळं काय सांगत होतो?

डॉक्टर ताई, मिरज: तेवढं तुमचं बरोबर आहे. पण वडगावचा भोंगा ७ ला वाजतो, मुलांच्या अभ्यासासाठी. झोपेआधीच्या तासाला घराघराची वेळ वेगळी. कुणी रात्रपाळीला निघतं, कुणी पाणी धरायला. तिथे भोंगा कुणाच्या वेळेने वाजवणार?

विश्रामबागकर: रिमाइंडर ९:३५ वर घेतोय. बोर्ड हॉलमध्ये आहे. पण पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी रात्रभर ग्रुपवर येत राहते. ४० फुटांच्या पुढे गेली की फोन बाहेर ठेवायची माझी तरी हिंमत होणार नाही.

कडेगावकर: त्या रात्री नका ठेवू. बाकीच्या रात्री ठेवा.