मदत हवी आहे: डिपॉझिट परत मागणारं पत्र अरबीत

नमस्कार मंडळी. घर सोडलं, चाव्या दिल्या, तरी घरमालक डिपॉझिट परत देत नाहीत. माझ्या इंग्रजी पत्राचं औपचारिक अरबी भाषांतर करून घेतलं, पण त्यात डिपॉझिटला ‘अरबून’ म्हटलंय. अरबून म्हणजे सौद्याचा बयाणा. खरेदीदाराने माघार घेतली की तो सहसा बुडतो. मला ‘मब्लग अत्-तअमीन’, म्हणजे अनामत रक्कम, असं हवंय. मात्र नुसतं ‘तअमीन’ विम्यालाही म्हणतात, म्हणून सोबत भाडेकराराची तारीख आणि कलम दिलं तर पुरेल का?

शिवाय ‘पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी’ याचं ‘कृपया विचार व्हावा’ असं मवाळ झालंय. ‘तहिय्या तय्यिबा व बअद’ या अभिवादनानंतर थेट ‘उतालिबुकुम’, म्हणजे ‘आपणाकडे मागणी करतो’, लिहिलं तर उद्धट वाटेल का? अरबीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी कृपया सांगा.