लोला बरी झालीय, तरी गोळ्या का चालू?

वलेन्सियाकर: आमच्या लोला कुत्रीच्या रक्तातला लेशमॅनिया परजीवीविरुद्धच्या ॲन्टिबॉडीचा टायटर १:६४० वरून १:१६० वर आला. अंगावरचा कोंडा गेला, डोळ्यांभोवती केस आले. तरी डॉक्टर ॲलोप्युरिनॉल बंद करत नाहीत. गिऱ्हाईक बांधून ठेवायचा धंदा! मी गोळ्या बंद केल्यात.

सुई_टोचे: धंदा म्हणे! मी याच धंद्यात आहे, म्हणून विचारते, लघवी तपासलीत का? कातडी सुधारलेली डोळ्यांना दिसते, मूत्रपिंड दिसत नाही. तिथे नासधूस करतात ती ॲन्टिबॉडी आणि परजीवीचे तुकडे मिळून झालेली गाठोडी. ती गाळणीत अडकतात आणि प्रथिनं गळू लागतात. रक्तातलं क्रिॲटिनिन मात्र बराच काळ नॉर्मल राहतं. लघवीतल्या प्रथिन-क्रिॲटिनिनचं गुणोत्तर ०.५ च्या वर असेल, तर कुत्री कितीही चकाकली तरी निश्चिंत राहू नका.

वलेन्सियाकर: टायटर चौपट उतरला त्याचं काय?

सुई_टोचे: चांगलंच आहे. पण तुमच्या लॅबची पॉझिटिव्हची सीमारेषा १:८० असेल, तर लोला अजून तिच्या वरच आहे. शिवाय टायटर म्हणजे परजीवींची मोजणी नव्हे. ते मज्जेत, प्लीहेत, लसिकाग्रंथींत पेशींच्या आत दडून असतात. औषधं त्यांना दाबतात, हाकलत नाहीत.

बर्लिनची_मावशी: टायटरचं सोडा हो! आम्ही स्पेनहून कुत्रा आणला तेव्हा संस्थेने पट्टीवरची टेस्ट ‘निगेटिव्ह’ म्हणून हातात ठेवली. पुढे नखं वेडीवाकडी वाढली, नाकातून रक्त आलं. सरळसरळ फसवणूक!

सुई_टोचे: फसवणूकच असेल असं नाही. परजीवी पसरवणारी सँडफ्लाय माशी चावल्यावर ॲन्टिबॉडी तयार व्हायला महिने लागतात, आणि पट्ट्या कमी टायटर हुकवतातही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं.

बर्लिनची_मावशी: हे संस्थेने सांगायला नको? चार मेल टाकले, उत्तर नाही!

पाटणाकर: म्हणजे बिहारचा काळा आजारही कुत्र्यांमुळेच. भटकी कुत्री उचला, प्रश्न मिटला.

सुई_टोचे: नाही हो. तिथला परजीवी लेशमॅनियाची वेगळी जात, डोनोवानी, तो सँडफ्लायमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो. स्पेनमधला इन्फँटम. धागा भरकटवू नका.

कणिक_तिंबणारा: पण ॲलोप्युरिनॉलने झँथिनचे खडे होतात ना? आमच्या बोकोला झाले, लघवी अडकली. आंधळेपणाने आयुष्यभर देण्यात काय अर्थ?

सुई_टोचे: हा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच लघवीत खडे बघतात, प्युरिन कमी असलेला आहार देतात. लक्षणं आणि रिपोर्ट नॉर्मल, टायटर सीमेखाली किंवा सीमेवर, असं किमान सहा ते बारा महिन्यांच्या उपचारानंतर दिसलं तर गोळ्या थांबवता येतात, तपासण्या सुरू ठेवून. काहींना त्या चालूच ठेवाव्या लागतात. आधी सांगता येत नाही.

वलेन्सियाकर: बरं बाई, उद्या लघवी पकडायला वाटी घेऊन लोलाच्या मागे पळतो. गुणोत्तर ०.२ आलं, तर मात्र बिल तुम्हाला पाठवीन.