वर्णन वाचताना वेळेचा हिशेब
"ट्रेकची वर्णनं आवडतात. सुरक्षिततेसाठी तेवढी पुरतील की कौशल्याची पुस्तकं वेगळी घेऊ?"

दोन्ही घ्या आणि एकत्र वाचा. कौशल्याच्या पुस्तकांत बहुधा चालायच्या वेळेचा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा नियम असतो: सुमारे ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. तो वर्णनाला लावून बघा. जाताना १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ, म्हणजे साडेतीन तास, तेही न थांबता. लेखक दुपारी एकला निघाला असेल, तर परतताना अंधार गाठणार हे पुढचं पान उलटण्याआधीच कळतं. मी समासात पेन्सिलीने अशा वेळा मांडतो. घसाऱ्याच्या तीव्र उतारावर मात्र हा हिशेब फसतो. तिथे उतरायलाही चढण्याइतकाच वेळ धरा.