प्रति: भाकरी सकाळी, डाळ रात्री
"भाकरी आणि वरण एकाच जेवणात नसेल तर प्रथिनं अर्धवटच राहतात ना?"

नाही. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात; पचनानंतर सुटी झालेली ही आम्लं शरीर काही तास हाताशी ठेवतं, त्यामुळे दिवसभराचा मेळ बसला की पुरतं. अडतं ते डाळीच्या प्रमाणात. ज्वारीत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल फार कमी, प्रथिनाच्या एका ग्रॅममागे साधारण २२ मिलिग्रॅम. तूर-मटकीत ६५ च्या आसपास. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं आणि १८०० मिलिग्रॅम लायसिन लागतं. चार भाकऱ्या, म्हणजे २४० ग्रॅम पीठ, २४ ग्रॅम प्रथिनं देतात, पण लायसिन जेमतेम ५३०. त्यात ६० ग्रॅम तूरडाळ (१३ ग्रॅम, ८५०) आणि ३० ग्रॅम मटकीची उसळ (७ ग्रॅम, ४५०) घातली की प्रथिनं ४४ ग्रॅम होतात आणि लायसिन भरतं. उरलेले पाच-सहा ग्रॅम मोठी वाटीभर दह्याने येतात. डाळीत कमी पडणारं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल भाकरीतून मिळतं, म्हणून नुसती डाळ वाढवत बसू नये.

बहुतेकांची चूक वजनात होते. डाळीच्या पाकिटावर लिहिलेले प्रथिनांचे २२ ग्रॅम हे १०० ग्रॅम कच्च्या डाळीचे असतात. पातळ वरणाच्या वाटीत कच्ची डाळ १५-२० ग्रॅमच असते, म्हणजे प्रथिनं चारेक ग्रॅम! म्हणून डाळ शिजवण्याआधी तोला आणि खाणाऱ्यांच्या संख्येने भागा. मटकीही भिजवण्याआधी तोलायची, कारण मोड आल्यावर वजन दुपटीच्या पुढे जातं.